तीन ऑफर, एकच आठवडा

पुण्यातल्या आयटीत नोकरी बदलायला निघालेल्या माणसाला एचआरच्या फोनवर हमखास विचारलं जातं, "ऑफर रोल आउट केली तर जॉइन करणार ना? कमिट करताय ना?" फोन गुरुवारी संध्याकाळी येतो, उत्तर सोमवारपर्यंत हवं असतं. आणि ज्या कंपनीत जायची मनापासून इच्छा आहे तिथल्या दोन फेऱ्या अजून व्हायच्या असतात. अशा वेळी काही जण घाईने होकार देऊन टाकतात, काही जण हातातली ऑफर सोडून देतात. दोघांनाही वाटतं की नशिबाने वेळ जुळली नाही. खरं तर ही वेळ महिनाभर आधी, पहिले अर्ज टाकताना चुकलेली असते.

दोन ऑफर एकाच आठवड्यात हातात असण्याचे फायदे रोकडे आहेत. पगाराचा फिक्स्ड भाग किती आणि व्हेरिएबल किती, काम कुठलं, मॅनेजर कोण, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस जायचं, हे सगळं शेजारी ठेवून पाहता येतं. शिवाय एचआरलाही रक्कम वाढवायची तर वरिष्ठांची मंजुरी आणावी लागते, आणि ती मागायला "उमेदवाराकडे दुसरी लेखी ऑफर आहे" यापेक्षा सोपं कारण नसतं.

अडचण अशी, की प्रत्येक कंपनीचा वेग वेगळा. नव्याने गुंतवणूक मिळालेली स्टार्टअप दहा-बारा दिवसांत सगळं उरकते. शनिवारच्या हायरिंग ड्राइव्हमध्ये तर सगळ्या फेऱ्या एका दिवसात होतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत पगाराची बोलणी सुरू. परदेशी बँकांच्या खराडीतल्या किंवा हिंजवडीतल्या केंद्रांना तीन-चार आठवडे सहज लागतात, कारण एखादी फेरी लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या माणसाबरोबर असते आणि दोघांच्या मोकळ्या वेळा जुळाव्या लागतात. मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांचं प्रत्येकीचं तंत्र निराळं. गूगलमध्ये मुलाखती चांगल्या झाल्या तरी कागद हायरिंग कमिटीपुढे जातात आणि उमेदवाराला टीम मिळावी लागते; यात आठवडे जाऊ शकतात. ॲमेझॉन मात्र शेवटच्या फेरीनंतर कामाच्या पाच दिवसांत कळवण्याचं धोरण सांगते. म्हणजे "मोठी कंपनी हळू" हा ठोकताळाही दर वेळी लागू पडत नाही. पहिल्याच फोनवर रिक्रूटरला विचारावं: फेऱ्या किती, साधारण किती आठवडे, आणि शेवटच्या फेरीनंतर मंजुरीला किती दिवस? हे विचारण्यात काही गैर नाही, आणि बहुतेक रिक्रूटर मोकळेपणाने सांगतात.

आता एक उदाहरण कॅलेंडरवर मांडून पाहू. समजा सहा वर्षं अनुभव असलेली एक बॅकएंड डेव्हलपर आहे. तिला तीन जागा आवडल्या आहेत: एक मोठी प्रॉडक्ट कंपनी, एका बँकेचं केंद्र आणि एक स्टार्टअप. 1 जूनला सोमवार आहे. ऑफर 13 ते 17 जुलैच्या आठवड्यात हव्यात असं तिने ठरवलं आणि तिथून उलटं मोजलं. मोठ्या कंपनीला सहा आठवडे धरले, म्हणून तिथे ओळखीच्या माणसाकडून रेफरल 1 जूनलाच. बँकेला चार आठवडे, म्हणून तिथला अर्ज 15 जूनला. स्टार्टअपला दोन आठवडे, म्हणून तिथे 29 जूनपर्यंत काहीच करायचं नाही.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ते "काहीच करायचं नाही". स्टार्टअपची जाहिरात समोर दिसत असते, ती जागा भरली जाईल अशी धास्ती असते. धास्ती अगदीच खोटी नाही. जागा एकच असेल आणि तीच सगळ्यात आवडती असेल, तर वाट न पाहता अर्ज करावा आणि बाकीच्यांचं वेळापत्रक तिच्याभोवती फिरवावं. पण हे ठरवायला आवडीचा क्रम आधी मनाशी पक्का असावा लागतो, आणि तो बहुतेकांचा नसतो.

दुसरा सापळा सरावाचा. आवडत्या कंपनीआधी हात साफ करायला दोन-तीन दुय्यम ठिकाणी मुलाखती द्याव्यात, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बरोबरही आहे. नापास झाल्यावर मोठ्या कंपन्या बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर पुन्हा उभं करत नाहीत, त्यामुळे तिथे गंजलेल्या अवस्थेत जाणं महाग पडतं. पण या सरावाच्या कंपन्या सहसा वेगवान असतात. ऑफर त्यांच्याकडूनच पहिली येते आणि सगळं गणित बिघडवते. तेव्हा सराव अशाच ठिकाणी करावा जिथली ऑफर शांतपणे नाकारता येईल. "तशीही बरी आहे" असं वाटणारी कंपनी सरावाला घेऊ नये.

एकदा चक्र सुरू झालं की उमेदवाराच्या हातात मधल्या फेऱ्यांचा वेग राहतो. रिक्रूटर तीन तारखा देतो तेव्हा वेगवान कंपनीला शेवटची द्यावी, हळू कंपनीला पहिली. सध्याच्या नोकरीत रिलीज आहे, आठवडाभर पुढे ढकलता येईल का, असं एकदा विचारलं तर कोणी रागावत नाही. दोनदा विचारलं तर उमेदवाराला फारसा रस नाही असा शेरा पडतो. शेवटच्या फेरीनंतर मात्र चेंडू पूर्णपणे कंपनीच्या बाजूला जातो. म्हणून ताणायचं ते मधे ताणावं. शेवटी ताणायला फार काही उरत नाही.

आता कॅलेंडरकडे परत. स्टार्टअपने अपेक्षेपेक्षा घाई केली. गुरुवारी, 9 जुलैला फोन आला, उत्तर सोमवारी 13 तारखेला हवं. बँकेची शेवटची फेरी बुधवारी झाली आहे, निकाल बाकी. मोठ्या कंपनीत कमिटीने होकार दिला आहे, पण टीम ठरलेली नाही. पहिलं काम म्हणजे ऑफर लेखी मागणं. फोनवरच्या आकड्याला दुसऱ्या कंपनीत किंमत नसते, कारण तिथला रिक्रूटर ऑफर लेटरची प्रत मागू शकतो. दुसरं काम त्याच दिवशी बाकीच्या दोघांना मेल. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: लेखी ऑफर आहे, 13 तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, आणि तुमच्याकडचा निर्णय कळल्याशिवाय मला ठरवायचं नाही. आकडा लगेच सांगायची गरज नाही. तिसरं काम स्टार्टअपकडे मुदत मागणं. तिथे "विचार करायला वेळ द्या" म्हणण्यापेक्षा "शुक्रवार, 17 तारखेला दुपारी होकार किंवा नकार नक्की देते" असं म्हणावं. तारीख आणि वेळ ऐकली की समोरच्याला आपल्या वरिष्ठांना सांगायला काहीतरी ठोस मिळतं.

हे हत्यार कधी काढायचं याला महत्त्व आहे. पहिल्या फेरीआधीच "माझ्याकडे ऑफर आहे" म्हटलं, तर रिक्रूटर बहुधा शुभेच्छा देऊन फाइल बंद करतो. ज्याला कोणी अजून पाहिलेलंच नाही त्याच्यासाठी पॅनेल हलवायचं कशाला? पॅनेलने होकार दिल्यानंतर तीच गोष्ट सांगितली, तर आठवड्याचं काम दोन दिवसांत होताना दिसतं. रिक्रूटर मुलाखतीच्या वेळा पुढे-मागे करू शकतो, फीडबॅकसाठी मागे लागू शकतो, मंजुरीचा मेल पुढे सरकवू शकतो. पण पद गोठवलं गेलं असेल तर त्याच्याही हातात काही नसतं. नसलेली ऑफर आहे म्हणून सांगणं मात्र आत्मघात. प्रत मागितली की विषय संपतो.

बँकेकडून मंगळवारी "फीडबॅक चांगला आहे, थोडं थांबा" एवढंच आलं, तर काय समजायचं? पुढची पायरी कुठली आणि कधी, हे सांगणारं उत्तर चांगलं. तारीख टाळणारं उत्तर दुसऱ्यांदा आलं, तर बहुधा दुसऱ्या कोणाला ऑफर गेलेली असते आणि त्याचा नकार आला तरच आपला नंबर. शुक्रवारचा निर्णय अशा कंपनीला वगळून घ्यावा.

अल्प मुदतीचा हा दबाव आजचा नाही. अमेरिकेत 1945 नंतर नव्या डॉक्टरांना इंटर्नशिप देणारी रुग्णालयं उत्तरासाठी दहा दिवस देत होती. पसंतीच्या रुग्णालयाची वाट पाहत विद्यार्थी शेवटच्या क्षणापर्यंत थांबत, म्हणून मुदत दरवर्षी आक्रसत गेली. 1949 मध्ये तारेने ऑफर पाठवून उत्तराला बारा तास देण्याची सूचना आली, तर रुग्णालयांच्या संघटनेला तेही जास्त वाटले. शेवटी 1952 पासून दोन्ही बाजूंनी पसंतीचे क्रम लिहून द्यायचे आणि जोड्या एकाच वेळी लावायच्या, अशी मध्यवर्ती पद्धत आली. या विषयाचा अभ्यास करणारे ॲल्विन रॉथ आणि त्यामागचं गणित मांडणारे लॉईड शॅप्ली यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी अशी कुठलीही मध्यवर्ती यंत्रणा नाही. ज्याने त्याने आपली जुळवाजुळव करायची.

आपल्याकडे त्यात नोटीस पीरियडची भर पडते. मोठ्या भारतीय आयटी सेवा कंपन्यांत तो 90 दिवसांचा असतो. नोकरीच्या पोर्टलवर रिक्रूटर "नोटीसवर असलेले" उमेदवार वेगळे गाळून काढू शकतात, आणि लवकर रुजू होणाऱ्याला मागणी जास्त. त्यामुळे एक रीतच पडली आहे: मिळेल ती पहिली ऑफर स्वीकारायची, राजीनामा द्यायचा आणि उरलेले तीन महिने आणखी चांगली ऑफर शोधायची. कंपन्यांनाही हे ठाऊक असल्याने त्या दर पंधरा दिवसांनी चौकशीचे फोन करतात, लवकर आलात तर बोनस म्हणतात, नोटीसचे पैसे भरायची तयारी दाखवतात. काही जण राजीनामा मंजूर झाल्याचा मेल पाठवा, असा आग्रह धरतात.

या रीतीत गोम आहे. ऑफरवर सही केल्यावरही बोलणी बदलू शकतात, पण राजीनामा मंजूर झाला की मागे फिरणं आपल्या हातात राहत नाही. पहिली ऑफर रद्द झाली, आणि मंदीत त्या रद्द होतातच, तर माणूस दोन्हीकडून गेला. म्हणून तिन्ही प्रक्रिया एकत्र आणायच्या त्या राजीनाम्याच्या आधी, नंतर नव्हे. एवढं करूनही नंतर बेत बदलला, तर ठरल्याच्या चार-सहा दिवसांत फोन करून स्पष्ट नकार द्यावा. समोरची कंपनी दुसऱ्या उमेदवाराला बोलावू शकते. जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करून बसणाऱ्याचं नाव मात्र रिक्रूटर लक्षात ठेवतो, आणि दोन वर्षांनी तोच रिक्रूटर दुसऱ्याच कंपनीत बसलेला असतो.