‘माहिती गोपनीय राहील’ एवढ्याने भागत नाही

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की कंपन्यांच्या मार्केटिंग मॅनेजरांकडे विद्यार्थ्यांच्या ईमेल येऊ लागतात. बहुतेकींचा मजकूर सारखाच असतो: मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, आपल्या कंपनीच्या मार्केटिंग धोरणाचा अभ्यास करायचा आहे, थोडा वेळ द्यावा, माहिती गोपनीय ठेवली जाईल. मॅनेजर ती वाचतो, सवडीने उत्तर देऊ म्हणतो आणि ती मागे पडते. विद्यार्थ्यांविषयी त्याला आस्था नसते असे नाही. मी सांगेन ते कोणाकोणाच्या हाती जाईल आणि त्यावरून उद्या मला वरिष्ठ जाब विचारतील का, हे त्याला कळायला हवे असते. नेमके तेच त्या ईमेलमध्ये नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगली भागातल्या एका मसाला कंपनीचा धंदा वर्षानुवर्षे २०० ग्रॅमच्या पाकिटांवर चालला होता. मग तिने कांदा-लसूण मसाल्याचे १० रुपयांचे पाकीट काढले. छोट्या पाकिटामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले, की मोठे पाकीट घेणारेच छोट्याकडे वळले? केस स्टडीला हा प्रश्न उत्तम आहे, कारण केस ही एखाद्या निर्णयाभोवती उभी राहते. ‘मार्केटिंग धोरण’ या शब्दाने मॅनेजरला काहीच बोध होत नाही. १० रुपयांच्या पाकिटाचे नाव काढले की समोरची व्यक्ती अभ्यास करून आली आहे, हे त्याला लगेच कळते. म्हणून उद्देश पहिल्या दोन-तीन वाक्यांतच यावा. ईमेल साधारण अशी लिहिता येईल:

विषय: १० रुपयांच्या पाकिटाच्या निर्णयावर केस स्टडी – ४० मिनिटांच्या मुलाखतीची विनंती

माननीय साहेब,
मी पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या कंपनीने २०० ग्रॅमच्या पाकिटाच्या जोडीला १० रुपयांचे पाकीट आणले, त्या निर्णयावर मी केस स्टडी लिहीत आहे. तो निर्णय घेताना कोणते पर्याय समोर होते आणि दुकानदारांचे म्हणणे काय होते, हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.
केस माझे मार्गदर्शक व बाह्य परीक्षक वाचतील आणि तिची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात राहील. कंपनीचे व आपले नाव बदलेन, विक्रीचे आकडेही बदलून लिहीन. रेकॉर्डिंग आपली परवानगी असेल तरच करीन आणि निकाल लागल्यावर पुसून टाकीन. मसुदा आधी आपल्याला पाठवीन. आपण लेखी होकार दिल्याशिवाय तो जमा करणार नाही.
प्रश्नांची यादी आणि कॉलेजचे पत्र सोबत जोडले आहे. पुढच्या दोन आठवड्यांत आपल्या सोयीने प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलता येईल.

या ईमेलचा कणा दुसरा परिच्छेद आहे. ‘पूर्णपणे गोपनीय’ हे शब्द त्यात नाहीत, कारण ते खरे ठरणार नाहीत. मार्गदर्शक वाचणार, तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक वाचणार, कपाटातली प्रत पुढच्या वर्षीचे विद्यार्थी चाळणार. वाङ्मयचौर्य तपासण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये तपासलेल्या मजकुराची प्रत साठवून ठेवली जाते. तुमच्या कॉलेजात ती साठवली जाते का, हे ईमेल पाठवण्याआधी विचारून घ्या. साठवली जात असेल तर तेही लिहा. कोण वाचणार हे मोकळेपणाने सांगितले की काय बोलायचे आणि काय नाही, हे मॅनेजर स्वतः ठरवू शकतो.

नाव बदलले की ओळख लपते, असा पुष्कळांचा समज आहे. आपल्या उदाहरणात नाव काढून ‘सांगलीची कांदा-लसूण मसाला बनवणारी कंपनी’ असे लिहिले, तर त्या धंद्यातला कोणीही ती चटकन ओळखेल. मग जिल्ह्याऐवजी ‘पश्चिम महाराष्ट्र’ आणि कांदा-लसूण मसाल्याऐवजी ‘घरगुती वापराचा मसाला’ असे लिहावे लागते. मॅनेजरचे पदही बदलावे लागते, कारण लहान कंपनीत त्या पदावर एकच माणूस असतो.

आकडे बदलण्याची पद्धत सोपी आहे. समजा, कंपनीची त्या मसाल्याची विक्री ४ कोटी रुपये आणि जाहिरातीचा खर्च २० लाख, म्हणजे विक्रीच्या ५ टक्के. दोन्ही आकड्यांना १.३ ने गुणले की विक्री ५ कोटी २० लाख आणि खर्च २६ लाख होतो. खरी रक्कम झाकली जाते, पण ५ टक्के हे प्रमाण तसेच राहते आणि वर्गातल्या चर्चेला तेच लागते. गुणक मात्र सगळीकडे एकच हवा आणि तो केसमध्ये कुठेही लिहायचा नाही. या पद्धतीलाही मर्यादा आहे. पाकिटावरची किंमत सगळ्यांना दिसते, त्यामुळे ती बदलता येत नाही. किंमत खरी, विकलेल्या पाकिटांची संख्याही खरी आणि फक्त विक्रीची रक्कम बदललेली असेल, तर गुणाकार करून कोणीही खऱ्या रकमेच्या जवळपास पोहोचेल. म्हणून पाकिटांची संख्याही त्याच गुणकाने बदलावी.

काही गोष्टी विचारायच्याच नसतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशी जाहीर न झालेली माहिती बाहेर फोडायला सेबीच्या २०१५ च्या नियमांनी मनाई आहे. चालू तिमाहीची विक्री विचारणारा एक प्रश्न यादीत दिसला, तरी सावध मॅनेजर सगळ्याच मुलाखतीला नकार देईल. ‘जाहीर न झालेले आकडे मला नको आहेत’ असे एक वाक्य अशा ईमेलमध्ये घालावे.

मसुदा दाखवण्याचे आश्वासन काही विद्यार्थ्यांना जड वाटते. मॅनेजर आपल्याला गैरसोयीचे सगळे खोडून टाकील, अशी त्यांना धास्ती असते. पण नावाजलेल्या संस्थांमध्येही हीच रीत आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलची पहिली लिखित केस १९२१ सालची. तिथे कंपनीत जाऊन लिहिलेली केस कंपनीच्या लेखी संमतीशिवाय छापत नाहीत. मॅनेजरच्या दुरुस्त्यांमुळे केसचा मुख्य प्रश्नच नाहीसा होत असेल, तर मार्गदर्शकांना विचारून दुसरी कंपनी शोधावी. संमतीशिवाय ती केस जमा करू नये.

एका आठवड्यात उत्तर आले नाही तर त्याच ईमेलला जोडून एकदा आठवण करावी, जमल्यास कार्यालयात फोन करावा. कॉलेजचे पत्र सोबत जोडायचे ते यासाठीच. पुष्कळदा मॅनेजरला स्वतःला बोलायचे असते, पण मालकांची किंवा कायदा विभागाची परवानगी लागते. पत्र आणि प्रश्न हाताशी असले की ईमेल तशीच पुढे पाठवता येते, त्याला नव्याने काही लिहावे लागत नाही.

मुलाखत झाली, केस जमा झाली, निकालही लागला की आणखी एक ईमेल पाठवा: ‘रेकॉर्डिंग आज पुसले, अंतिम प्रत सोबत जोडली आहे.’ हे बहुतेकांकडून राहून जाते. तुमच्यानंतर त्याच कंपनीत मुलाखत मागायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी तरी ती आठवणीने पाठवा.