टांडीपुढचा हिशेब
लेखमाला : दुचाकीवरून दूर | भाग ७

गेल्या आठवड्यात गाडीवर सामान कुठे आणि किती लादायचं ते पाहिलं. त्यात पेट्रोलच्या कॅनची जागा मुद्दाम रिकामी सोडली होती. कॅन किती न्यायचे हे ठरल्याशिवाय ते कुठे बांधायचे याला अर्थ नाही, आणि ते ठरवायला रस्ता समोर हवा. म्हणून आज मनाली ते लेह हा एकच रस्ता घेऊ.

मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरलं की साधारण ६० किलोमीटरवर, चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमाजवळ टांडी लागतं. इथला पंप आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारा तिथला फलक, दोन्ही प्रसिद्ध आहेत. फलकावरचं अंतर लेहपर्यंतचं. लेहच्या सुमारे ३५ किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे, त्यामुळे आपला आकडा ३३० धरायचा. मधे कुठे नवा पंप झाल्याचं कानावर आलं तरी तो हिशेबात घ्यायचा नाही. सापडला तर फायदाच.

या ३३० किलोमीटरांत चार मोठ्या खिंडी आहेत. केलाँग, जिस्पा, दारचा मागे पडल्यावर बारालाचा ला चढायचा आणि उतरून सरचूला यायचं. हे टांडीपासून सुमारे ११५ किलोमीटर. मग गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकी ला, लाचुलुंग ला आणि पांग. तिथवर १९० च्या थोडं वर. पांगनंतर मोरेचं सपाट पठार, डेबरिंग, मग ५,३०० मीटरांहून उंच तांगलांग ला, आणि तिथून उपशीमार्गे कारू.

आता गाडी. ३५० सीसीची, तेरा लिटरच्या टाकीची, दोन माणसं आणि सामान घेतलेली गाडी धरू. अशी गाडी शहरात ‘पस्तीस देते’ असं मालक सांगतो. ते खरंही असेल, पण तो एकट्या माणसाचा, सपाट रस्त्यावरचा आकडा आहे. आपल्याला लादलेल्या गाडीचा, डोंगरातला आकडा हवा आणि तो वाटेतच काढता येतो. मंडीला टाकी फुल्ल करायची आणि टांडीला पुन्हा तेवढीच फुल्ल करायची. दोन्ही वेळा गाडी सरळ उभी करून, पेट्रोल नळीच्या खालच्या कडेपर्यंतच. त्यावर भरलं तर नव्या गाड्यांत ते वाफ शोषणाऱ्या डब्याकडे जातं. अंतर सुमारे १७०. टांडीला ६.३ लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज २७.

मंडीच का, मनाली का नाही? मनाली ते टांडीत दोन लिटरच्या आसपासच जळतं. भरताना पातळी चुकून पावशेर इकडेतिकडे झाली तर आकडा दहा टक्क्यांनी फसतो. सहा लिटरांत तेवढीच चूक तीनचार टक्क्यांची होते.

तरीही २७ हा आकडा टांडीपुढे चालत नाही. पाच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्केच दाट असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा कमी झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. मिश्रण दाट होतं, धूर काळा येतो आणि प्लगवर काजळी धरते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर पेट्रोल कमी करतो, म्हणून ते वाया जात नाही. पण ताकद घटते, आणि जो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढला असता तो दुसऱ्यात, कधी पहिल्यात, इंजिन ओरडवत चढावा लागतो. त्यात उखडलेला रस्ता, नाल्यांमधून रांगत जाणं आणि लष्कराच्या ताफ्यामागे ताटकळणं. मोरेच्या पठारावर आणि तांगलांग लाच्या उतारावर थोडं परत मिळतं, सगळं नाही. म्हणून मोजलेल्या आकड्यातून वीस टक्के वजा करावेत असा माझा नियम आहे. २७ चे २१.६ होतात.

तेरा लिटरच्या टाकीतलं शेवटचं अर्धा लिटर नाहीच असं समजायचं. चढावर ते एका कोपऱ्यात जातं आणि पंपाला मिळेलच असं नाही. उरले साडेबारा. गुणिले २१.६, म्हणजे २७०. कारूला साठ किलोमीटर कमी पडतात, आणि ते नेमके तांगलांग लाच्या आसपास. आता पाच लिटरचा एक कॅन घेऊ. तो साडेचार लिटरच भरायचा, कारण पुढे सांगतो. एकूण सतरा लिटर, म्हणजे ३६७ किलोमीटर. पोहोचलो.

बहुतेकांचा हिशेब इथे थांबतो. पण हा रस्ता बंद होणारा आहे. दुपारी बर्फ वितळून दारच्याच्या पुढचा पागल नाला फुगतो, बारालाचावर अवेळी बर्फ पडतं, एखादा ट्रक अरुंद जागी अडकतो. तेव्हा प्रश्न पोहोचण्याचा नसतो, मागे फिरण्याचा असतो. ३६७ चं निम्मं १८३. म्हणजे एक कॅन घेतलेली गाडी पांगच्या अलीकडूनच टांडीला परत येऊ शकते. पांगला पोहोचल्यावर पुढचा रस्ता अडला, तर मागचाही पेट्रोलने बंद केलेला असतो.

दुसऱ्या साडेचार लिटरांनी एकूण साडेएकवीस लिटर होतात, म्हणजे ४६४ किलोमीटर, निम्मं २३२. आता पांगच्या पुढे पठारावर चाळीसेक किलोमीटर गेल्यावरही टांडी हाताशी असते. त्यापुढे मात्र परतीचा विचार सोडायचा. तांगलांग ला बंद असेल तर पांगच्या तंबूंत मुक्काम करायचा आणि रस्ता उघडायची वाट पाहायची. तिथून टांडीला यायला जेवढं लागेल त्यापेक्षा कारू जवळ आहे. पहिला कॅन पोहोचण्यासाठी आणि दुसरा परतण्यासाठी, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

दुसऱ्या कॅनचं आणखी एक काम आहे. टांडीच्या पंपावर पेट्रोल असेलच असं नाही. टँकर उशिरा आला किंवा वीज गेली, की रांग तशीच उभी राहते. मनालीपासून कारूपर्यंत ३९० किलोमीटर होतात. टाकी आणि एक कॅन मिळून ३६७, म्हणजे अपुरे. दोन कॅन असतील तर टांडी बंद असूनही पुढे जाता येतं, फक्त परतीची सोय तेवढी आखडते. म्हणून टाकी आणि दोन्ही कॅन मनालीतच भरायचे, तिथे टाकीत घातलेलं पेट्रोल मंडी ते टांडीच्या मोजणीत मिळवायचं, आणि टांडीला फक्त टाकी पुरी करायची. रोख पैसे जवळ हवेत. नेटवर्क नसलं की मोबाइलचे पैसे चालत नाहीत.

ढाब्यांवर आणि तंबूंत बाटलीतून पेट्रोल मिळतं, हे खरं. पण तंबूवाल्याकडे त्या दिवशी ते असेल की नाही हे त्यालाही आदल्या रात्री ठाऊक नसतं, आणि भाव अडलेल्याला पाहून ठरतो. घेण्याची वेळ आलीच तर आधी कोऱ्या कागदावर एक थेंब टाकावा. निखळ पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग उरत नाही. तेलकट डाग राहिला तर रॉकेल किंवा डिझेलची भेसळ समजावी. मग नाइलाज असेल तेवढंच, टाकीत चांगलं पेट्रोल असताना त्यात मिसळून, फडक्यातून गाळून घालावं. चढावर इंजिन खडखडू लागलं तर गिअर खाली घेऊन हळू जावं.

आता कॅन कसे असावेत. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, पण धातूच्या, घट्ट बुचाच्या भांड्यात. पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे प्लॅस्टिकचे डबे त्यात बसत नाहीत. ते हादऱ्यांनी तडकतात आणि पंपवाले पुष्कळदा नाकारतात. पाचाच्या कॅनमध्ये साडेचारच का, तर पेट्रोल उन्हात फुगतं आणि वर दाब कमी होतो. तांगलांग लावर हवेचा दाब मनालीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. काठोकाठ भरलेला कॅन तिथे बुचातून गळतो. मोकळी जागा ठेवलेला फक्त टम्म होतो. उघडताना बूच सावकाश सैल करायचं, फुस्स होऊ द्यायचं, मग काढायचं. भरताना कॅन जमिनीवर ठेवायचा, गाडीवर बांधलेल्या कॅनमध्ये पंपाचं नोझल घालायचं नाही. रात्री तो तंबूच्या आत घ्यायचा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते.

कॅन केव्हा ओतायचा? गाडी बंद पडेपर्यंत नाही. सरचूला पोहोचलात की पहिला कॅन टाकीत रिता करायचा. ओझं कमी होतं, गळतीची चिंता मिटते, शिवाय हिशेबाची परीक्षा होते. टांडीपासून ११५ किलोमीटर झाले, २१.६ ने ५.३ लिटर जळायला हवं. साडेचार लिटर ओतल्यावर टाकी नळीच्या कडेपासून थोडीच, पाऊण लिटरभर, खाली राहिली तर हिशेब बरोबर. सगळा कॅन बसलाच नाही, तर गाडी २५ च्या वर देते आहे. ओतूनही टाकी बरीच रिकामी दिसली, तर अ‍ॅव्हरेज धरल्यापेक्षा कमी आहे, आणि पांगपुढचा निर्णय सरचूलाच घ्यायचा. पांगला दुसऱ्या कॅनचं असंच करायचं.

अनेक गाड्या एकत्र जाणार असतील तर हिशेब सगळ्यात कमी पल्ला असलेल्या गाडीचा करावा. मोठ्या टाकीवाल्याने एक कॅन जास्त घ्यावा आणि तो कोणासाठी हे मनालीतच ठरवावं.

डेबरिंगहून त्सो कार आणि पुढे त्सो मोरीरी करून कारूला जायचं ठरवाल, तर टांडीपासून अंतर पाचशेच्या पुढे जातं. २१.६ ने ते तेवीसचोवीस लिटर होतं. आपल्या दोन कॅनांत ते बसत नाही. ही तळी लेहला पोहोचून, टाकी भरून मग करावीत.

कारूला टाकी पुन्हा तेवढीच फुल्ल करा, पावतीवरच्या लिटरांत वाटेत ओतलेल्या कॅनांचे लिटर मिळवा, त्या बेरजेने ३३० ला भागा आणि येणारा आकडा टिपून ठेवा. तोच तुमच्या गाडीचा खरा डोंगरी आकडा, आणि लेहहून पँगाँगला जाताना वीस टक्के वजा करण्याची गरज पडायची नाही. पुढच्या भागात याच रस्त्यावर माणसाला लागणाऱ्या हवेचा हिशेब पाहू : मुक्काम कुठे करावा आणि कोणत्या लक्षणाला खाली उतरावं.