माहीमच्या बाबांची पाण्याची गोष्ट खरी की खोटी?

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार, ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी.

सुट्टीत झाईला घरी गेलो होतो. आजी जेट्टीकडे बघत बसली होती आणि तिने मला लहानपणी शंभरदा ऐकवलेली गोष्ट पुन्हा सांगितली. माहीमच्या मखदूम बाबांना रात्री आईने पाणी मागितलं. ते घेऊन आले तर आई झोपलेली. तिला उठवायला नको म्हणून पोरगा रात्रभर पेला धरून उभा राहिला. सकाळी आईने आशीर्वाद दिला आणि पोरगा मोठा अवलिया झाला.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "आजी, ही गोष्ट दुसऱ्याच कोणाबद्दल आधी लिहिलेली आहे." ती म्हणाली, "म्हणजे काय रे, मी तुला खोटं सांगत होते?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. ते आज देतो.

मखदूम अली माहिमी खरेच होऊन गेले. १३७२ ते १४३१ हा त्यांचा काळ. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे मोठे विद्वान. आता त्यांच्या जन्माच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी मागे जाऊ. इराणात अत्तार नावाच्या कवीने 'तझकिरत-उल-अवलिया' लिहिलं. तझकिरा म्हणजे संतांच्या चरित्रांचा संग्रह. त्यात बायजीद बिस्तामींची हीच गोष्ट आहे: आई, पाणी, झोप, रात्रभर उभा मुलगा. फक्त तिथे थंडी इतकी की भांडं हाताला गोठून चिकटतं. माहीमला गोठायचा प्रश्नच नाही, म्हणून तेवढा भाग गळला असावा!

आणि अत्तार तरी कुठे साक्षीदार होता? बायजीद नवव्या शतकातले, म्हणजे तोही तीनशे वर्षांनी लिहितोय.

तझकिऱ्यात एक ठरलेला साचा असतो: घराणं, गुरू, गुरूंची परंपरा, करामती, मग मृत्यूची तारीख. लिहिणारा बहुतेक वेळा शिष्यांच्या शिष्यांपैकी. त्याला आपला संत जुन्या मोठ्या संतांच्या रांगेत बसवायचा असतो, म्हणून ओळखीच्या गोष्टी नव्या नावाला चिकटतात. इतिहासकार अशा वेळी दोन गोष्टी तपासतात: लिहिलं कधी, आणि हीच गोष्ट आधी कुठे आहे का. मृत्यूच्या तारखेवर त्यातल्या त्यात जास्त भरवसा ठेवतात, कारण त्या दिवशी दरवर्षी उरूस भरतो आणि तारीख लोकांच्या सवयीत राहते.

पण "उशिरा लिहिलं म्हणून चमत्कार घुसले" हेही नेहमी खरं नसतं. खुलताबादचे बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले. ते हयात असतानाच एका शिष्याने त्यांचं बोलणं तारखांसकट लिहून ठेवलं होतं. अशा नोंदींना मलफूजात म्हणतात. त्याच शिष्याच्या भावाने बुऱ्हाणुद्दीन गेल्यावर काही वर्षांतच त्यांच्या करामतींचं वेगळं पुस्तक लिहिलं. मग त्या करामती सिद्ध झाल्या का? नाही. सिद्ध एवढंच झालं की त्यांना बघितलेले लोक त्या खऱ्या मानत होते. हाही पुरावाच आहे, पण श्रद्धेचा.

आता उलटी चूक. गोष्ट सारखी दिसली म्हणजे कॉपीच, असं म्हणता येत नाही. आपला पुंडलिक आठवा. आईवडिलांच्या सेवेत होता म्हणून त्याने देवाला विटेवर उभं केलं. म्हणून काय पंढरपूरने इराणातून घेतलं? आईबापाची सेवा देवापेक्षा मोठी, हा विचार दोन ठिकाणी आपापला उगवू शकतो. कॉपी म्हणायला बारीक तपशील जुळावे लागतात आणि गोष्ट पोहोचायची वाट दिसावी लागते. माहिमींच्या बाबतीत दोन्ही आहे. तपशील जुळतात, आणि अत्तारचं पुस्तक सूफी मंडळींत खूप वाचलं जायचं.

तिसरा प्रश्न: आज ही गोष्ट कोणाला जवळची वाटते? माहीमच्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. त्यामागे एक कथा सांगतात, की बाबांना शेवटचं पाणी एका पोलीस शिपायाने पाजलं. पण १४३१ साली मुंबई पोलीस होतेच कुठे? ही कथा त्या पंधराव्या शतकाबद्दल फार काही सांगत नाही. वर्दीतल्या माणसांचं दर्ग्याशी नातं कसं जुळलं, हे मात्र सांगते.

तर आजीला मी परत फोन केला. म्हटलं, तू खोटं नाही सांगितलंस. पेला घेऊन कोण उभं होतं, हे या गोष्टीवरून कळत नाही. पण इतका मोठा विद्वान लोकांनी लक्षात ठेवला तो अरबी भाष्यासाठी नाही, आईला न उठवल्यासाठी, हे कळतं.

आजी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तू रविवारी मला सकाळी सहाला फोन करून का उठवतोस?"