कागद जुळले तरच चेक

खताचा व्यापार करणारी एक मध्यम कंपनी घ्या. ऑर्डर २०० पोत्यांची, गोदामात मोजून उतरली १९०, बिल मात्र २०० चे! माल कमी येईल हा धोका आधीच ओळखलेला. म्हणून नियंत्रण असे की ऑर्डर, आवक पावती नि बिल जुळल्याखेरीज चेक निघत नाही. पावतीची माहिती त्याच दिवशी हिशेबनिसाकडे जाते. ओळखीच्या व्यापाऱ्यासाठी मालकही नियम मोडत नाही. यालाच नियंत्रणाचे वातावरण म्हणतात. पण गोदामपाल नि गाडीवाला मिळाले, तर कागद जुळतात अन् पोती कमीच! म्हणून पाचवा घटक देखरेख: दरमहा तिसऱ्याच माणसाने जाऊन शिल्लक पोती मोजायची.