आईची साठी आणि ‘पार्किंग शेड वर्गणी’

आईला साठ वर्षं पूर्ण होणार आणि मुलांनी गुपचूप बेत करायचं ठरवलं, की सर्वांत आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो. नाव ‘आईची साठी’, फोटो आईचाच, आणि दहा मिनिटांत चुलत-मामे-मावस मिळून पंचवीस माणसं त्यात येऊन बसतात. कुणी एक अक्षर लिहायच्या आधीच बेत निम्मा फुटलेला असतो. मेसेज आला की फोन लॉक असला तरी पडद्यावर ग्रुपचं नाव झळकतं, आणि आपल्या घरांत फोन ओट्यावर, दिवाणावर, टीव्हीपाशी, कुठेही उताणा पडलेला असतो.

कोथरूडमधलं एक घर उदाहरणाला घेऊ. ताई पुण्यातच राहते, धाकटा भाऊ बेंगळुरूला, मावशी नाशिकला, मामा डोंबिवलीला. तीसेक माणसं बोलवायची, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, शनिवारी संध्याकाळी सहाला. या घराने ग्रुपचं नाव ठेवावं ‘पार्किंग शेड वर्गणी’ आणि फोटो लावूच नये. वर्गणी म्हटल्यावर कुणी डोकावत नाही.

ग्रुपमध्ये माणसं किती घ्यायची, हा त्याहून मोठा प्रश्न. ज्यांच्याकडे काम आहे तेवढीच घ्यावीत, म्हणजे सात-आठ. बाकीचे पाहुणे आहेत. त्यांना मेन्यू आणि वर्गणीची चर्चा कळायची गरज नाही. त्यांना प्रत्येकाला स्वतंत्रपणे एकच मेसेज जावा: कुठे, किती वाजता, गाडी कुठे लावायची, आणि आईला याबद्दल फोन करू नये. ताईने यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरली तर एक लक्षात ठेवावं. तिचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्यांना तो मेसेज पोचतच नाही. आईच्या जुन्या शाळेतल्या मैत्रिणी नेमक्या यात गळतात आणि मग वर्षभर बोलून दाखवतात.

आता बाबा. सगळ्यात कच्चा दुवा तो. ते बोलून टाकतील अशी भीती नसते. चष्मा सापडत नाही म्हणून त्यांचे मेसेज आईच मोठ्याने वाचून दाखवते, ही खरी अडचण. बाबांना ग्रुपमध्ये घेऊच नये. ताईने त्यांना सकाळी फिरायला गाठून तोंडी सांगावं, आणि एकच काम द्यावं: शनिवारी सहाला आईला घेऊन खाली यायचं.

पुढचा निर्णय दिवसाचा. आपल्याकडे इथे एक सोय आहे, जी फार कमी लोक वापरतात. आईच्या वयाच्या बऱ्याच बायका वाढदिवस तिथीने करतात. तिथी आणि तारीख दर एकोणीस वर्षांनी, म्हणजे १९, ३८ आणि ५७ व्या वाढदिवसाला जवळजवळ एकत्र येतात. साठीला बहुधा त्यांच्यात अंतर पडतं. तिथी आधी येत असेल तर त्या दिवशी घरी रीतसर औक्षण करावं, शिरा करावा, मुलाने बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल करून ‘यायला जमलं नाही गं’ म्हणावं. आईच्या लेखी साठी तिथे संपते. पुढच्या शनिवारी तिला कसलाच वास येत नाही. शनिवार नक्की करण्याआधी कॅलेंडर मात्र उघडून पाहावं. त्या दिवशी संकष्टी निघाली आणि आईचा उपास असला, तर मसालेभात आणि जिलबी समोर ठेवून तिला चंद्रोदयापर्यंत बसवून ठेवावं लागेल.

मग थाप. ‘जरा खाली चल’ एवढ्यावर भागत नाही, कारण आई गाऊनवर किंवा घरातल्या ड्रेसवर येईल आणि तीस माणसांसमोर, फोटोंसमोर, तिला ते आयुष्यभर सलेल. थाप अशी हवी की चांगली साडी, सहाची वेळ आणि क्लबहाऊस या तिन्हींचं कारण तिच्यातच असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीचं बारसं, ही थाप तिन्ही अटी पुऱ्या करते. नात मात्र खरी असावी आणि नुकती झालेली असावी. काकूंनाही सामील करून घ्यावंच लागतं. बारशाचं कानावर पडताच आई अर्ध्या तासात त्यांना फोन करून विचारणार, ‘काही करून आणू का?’ काकूंचं उत्तर तयार हवं. ती बाळासाठी झबलं आणेल, पाकिटात पाचशे एक घालेल. ते थांबवायला जाऊ नये, संशय येतो.

कामं वाटताना बहुतेक ग्रुप एकाच जागी अडतात. ताई लिहिते, ‘केक कोण बघतंय?’ खाली सहा अंगठे उमटतात. सहाही जणांना वाटतं की दुसऱ्याने घेतलं. माणसांच्या या सवयीवर न्यूयॉर्कमध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. इंटरकॉमवर एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणाऱ्याला आपण एकटेच ऐकतोय असं वाटत होतं तेव्हा ८५ टक्के लोक तो बोलत असतानाच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटल्यावर फक्त ३१ टक्के. तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. इथे तर नुसता केक.

म्हणून मेसेजमध्ये प्रश्न नको, नाव हवं. असं:

‘मामा, केक तुमच्याकडे. दोन किलो, अंडं नको, वर फक्त “साठ”, आईचं नाव नको. शनिवारी पाचला क्लबहाऊसच्या मागच्या दाराने. ऑर्डर दिली की इथे “झालं” लिहा, बुधवारपर्यंत.’

यात वजन आहे, वेळ आहे, दार आहे, आणि मुख्य म्हणजे ‘झालं’ कधी यायला हवं ते आहे. बुधवारी रात्री ‘झालं’ दिसलं नाही की ताई मामांना फोन करेल. शनिवारी चारला कळण्यापेक्षा ते बरं. तीस माणसांना एरवी केक अडीच-तीन किलो लागला असता, पण मागून जेवण आणि जिलबी आहे, दोन किलो पुरतो. असाच एकेक मेसेज मावशीला जावा: औक्षणासाठी कणकेचे साठ दिवे, तुपाच्या वाती घालून, दोन मोठ्या परातींत. हे नाशिकहून करून आणता येतं, पण वाटेत दिवे चिरतात. मावशीने शुक्रवारीच यावं आणि उतरावं काकूंकडे. सगळी कामं लागली की ताईने एकच यादी लिहून ती ग्रुपमध्ये वर पिन करावी. नाहीतर ‘केटररचा नंबर कोणाकडे आहे’ हा प्रश्न रोज नव्याने येतो.

इथवर माणसांचं झालं. ती तशी सांभाळतात. चुगली करतात ती यंत्रं, तीही कुणी काही न विचारता. आमच्या पिढीला ही गंमत नवीन आहे. धाकटा भाऊ शुक्रवारी गाडीने निघाला. गाडी घेतली तेव्हा फास्टॅग बाबांच्या नंबरवर काढला होता. आता प्रत्येक टोलनाक्यावर पैसे कापले की नाक्याच्या नावानिशी एसएमएस बाबांच्या फोनवर, आणि चष्मा सापडत नसल्याने तो वाचणार आई. बेंगळुरूत असलेला मुलगा साताऱ्याजवळ टोल भरतोय, हे तिला कळायला वेळ लागत नाही. त्याने बसने यावं किंवा मित्राच्या गाडीने. केटररची आगाऊ रक्कम बाबांनी जोडखात्यातून दिली तर बँकेचा मेसेज आईच्या फोनवरही येऊ शकतो. पैसे ताईच्या खात्यातून जावेत, हिशेब नंतर. सोसायटीच्या फाटकावर ॲप असेल तर पाहुणा आला की रखवालदार फ्लॅटचा नंबर टाकतो आणि परवानगी मागणारी घंटी त्या घरातल्या फोनवर वाजते. पाहुण्यांनी सवयीने आईचा फ्लॅट सांगितला तर सव्वापाच ते पावणेसहा तिचा फोन वाजतच राहील. पाहुण्यांच्या मेसेजमध्ये काकूंचा फ्लॅट नंबर द्यावा आणि रखवालदाराला आदल्या दिवशी भेटून यावं.

मेसेज चुकीच्या ग्रुपमध्ये जाणं हे मात्र माणसाचंच काम. मामेभावाने ‘केक किती किलो सांगायचा?’ हे ‘पार्किंग शेड’ऐवजी आई असलेल्या घरच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांसाठी डिलीट केलं तर तिथे डिलीट केल्याची खूण राहते, आणि ती खूण पाहून आई हमखास विचारते, ‘काय पाठवलं होतंस रे?’ पाठवल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो, हा उपाय जास्त चांगला. ‘केक’चं ‘डाळ’ करावं. दुरुस्त केल्याची बारीक खूण राहते, पण तिकडे कुणी बघत नाही. आईने वर आलेली सूचना आधीच वाचली असेल तर इलाज नाही. वाचून ती गप्प बसली तर तिलाही हा बेत आवडला असं समजावं.

आणखी एक खूण असते, ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सगळी बडबड गुप्त ग्रुपवर सुरू झाली की घरचा ग्रुप चार-पाच दिवस ओस पडतो. रोज सुप्रभात पाठवणारे काका अचानक गप्प. आईला आधी काळजी वाटते, मग शंका येते. काकांना सांगावं की गुलाबाची फुलं चालू ठेवा. आणि तारखेच्या दिवशी सगळ्यांनी मुद्दाम शुभेच्छा न देण्याचा जो सिनेमातला प्रकार आहे, तो करूच नये. साठीच्या बाईला दिवसभर कुणी फोन केला नाही, तर संध्याकाळच्या आनंदात ते दुपारचं रडू मिसळलेलं असतं.

शनिवारी पाहुणे सव्वापाचला, आई सहाला. मधली पाऊण तास फट उशिरा येणाऱ्यांसाठी आहे, आणि ते येतातच. मामांची गाडी आई नंबरवरून ओळखते. ती मागच्या गल्लीत लावावी. लहान मुलांना बेत त्याच दिवशी दुपारी सांगावा. बाबा-आई लिफ्टमध्ये शिरताना ताईने वरून ग्रुपवर एकच शब्द टाकावा, ‘पाणी’. मग दिवे बंद. अंधारात साठ दिवे लावायला मात्र जाऊ नये. परातीतल्या सगळ्या वाती पेटायला वेळ लागतो, आणि पहिल्या विझायला लागतात. आई आत आली, आरडाओरडा झाला, ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली, की मग चौघींनी मिळून वाती लावाव्यात. आईला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर अंधार आणि एकदम ओरडणं दोन्ही वगळावं. दार उघडल्यावर समोर उभी असलेली नाशिकची बहीण पुरेशी असते.

यादीत एक काम बहुधा राहून जातं, कारण ते पार्टीनंतरचं असतं. उरलेला मसालेभात कोणत्या डब्यांत, कोणाकडे. कोणती भेट कोणाची ते कोण लिहून ठेवणार. केटररची भांडी मोजून कोण देणार. तिथेही नाव हवं. नाहीतर साडेनऊला उत्सवमूर्तीच पदर खोचून पातेली गोळा करायला उठते, आणि पैठणीवर जिलबीचा पाक सांडतो.