भांडवलनाशाची जोखीम

भांडवलनाशाची जोखीम म्हणजे पैज लावणाऱ्याचे भांडवल पुढची पैज लावता येणार नाही इतके संपण्याची संभाव्यता. ती तीन गोष्टींवर अवलंबून असते: जिंकण्याची शक्यता, जिंकल्यास मिळणारा भाव आणि प्रत्येक पैजेचे भांडवलाशी असलेले प्रमाण. यांपैकी केवळ तिसरी गोष्ट पूर्णपणे खेळणाऱ्याच्या हाती असते. ख्रिस्तियान हायगेन्स या डच गणितज्ञाने १६५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संभाव्यताविषयक ग्रंथात या प्रश्नाचे एक रूप आढळते.

## मूळ सूत्र

जिंकल्यास पैजेइतकीच रक्कम मिळते आणि हरल्यास पैज जाते, असा खेळ घ्यावा. जिंकण्याची शक्यता p, हरण्याची q आणि भांडवल n पैजांइतके असेल, तर p ही q पेक्षा मोठी असताना कधी ना कधी भांडवल संपण्याची संभाव्यता अशी असते:

```
(q/p)^n
```

समजा, जिंकण्याची शक्यता ५२ टक्के आणि भांडवल १,००० रुपये आहे. १०० रुपयांची पैज लावल्यास n = १० आणि जोखीम सुमारे ४५ टक्के येते. ५० रुपयांची पैज असल्यास ती २० टक्के, तर २० रुपयांची असल्यास २ टक्क्यांहून कमी होते. खेळ तिन्ही वेळा तोच आणि खेळणाऱ्याला अनुकूलच आहे. फरक केवळ पैजेच्या आकाराचा आहे. p ही q एवढी किंवा तिच्याहून लहान असेल, तर अखंड खेळत राहणाऱ्याचे भांडवल निश्चितपणे संपते.

## उदाहरण: मटका

मुंबईत १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटका हा आकड्यांचा जुगार रूढ केला. ‘कल्याण मटका’ हे नाव भगत यांच्या नावावरून आले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या शेजारच्या कल्याण शहराशी त्याचा संबंध नाही. हा जुगार १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार बेकायदेशीर आहे.

पत्त्यांच्या बेरजेतील शेवटचा अंक ओळखण्याच्या एकेरी आकड्यावर जिंकण्याची शक्यता जवळपास दहात एक असते. एका रुपयास मूळ पैजेसह नऊ रुपये परत मिळतात असे धरल्यास दर रुपयामागे सरासरी दहा पैसे जातात.

सलग दहा पैजा हरण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के असते. म्हणून १,००० रुपये घेऊन प्रत्येक वेळी १०० रुपये लावणाऱ्या तिघांपैकी साधारण एक जण एकदाही न जिंकता रिकामा होतो.

## पराभवमालिकेची लांबी

सलग ४० पैजा हरण्याची शक्यता दीड टक्क्याच्या आसपास असल्याने ती घटना दुर्मीळ वाटते. तथापि, दररोज ‘ओपन’ व ‘क्लोज’ अशा दोन सोडतींवर खेळणारा वर्षात सुमारे ६०० पैजा लावतो. एवढ्या पैजांत कुठे ना कुठे साधारण ४० पराभवांची सलग मालिका येणे स्वाभाविकच ठरते. ही मालिका आल्यावर खेळणाऱ्याला नशीब फिरल्यासारखे किंवा आता जिंकणे ‘देय’ असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पुढच्या पैजेची शक्यता दहात एकच राहते.

अशी मालिका पचवण्यासाठी १,००० रुपये असणाऱ्याची पैज २५ रुपयांहून कमी असावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही. २५ रुपयांच्या ६०० पैजांवर सरासरी तोटाच १,५०० रुपये होतो, म्हणजे भांडवलाहून अधिक. ५ रुपयांच्या पैजेने हा वार्षिक तोटा ३०० रुपयांवर येतो आणि वर्ष तरून जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते; तरी सरासरीने तीन-साडेतीन वर्षांत भांडवल संपते. प्रतिकूल खेळात लहान पैज नाश टाळत नाही, पुढे ढकलते.

## पैज दुप्पट करणे

हरल्यावर पैज दुप्पट करून तोटा भरून काढण्याची पद्धत जोखीम वाढवते. १० रुपयांपासून सुरुवात केल्यास १०, २०, ४०, ८०, १६० व ३२० अशा सहा पैजांत ६३० रुपये जातात. सातवी पैज ६४० रुपयांची असते आणि हाती ३७० रुपयेच उरतात. एकेरी आकड्यावर सलग सहा वेळा हरण्याची शक्यता ५३ टक्के आहे. म्हणजे ही पद्धत पहिल्याच फेरीत निम्म्याहून अधिक वेळा मोडते.

## केली निकष

१९५६ मध्ये जॉन केली यांनी भांडवलाचा किती हिस्सा लावावा याचे सूत्र मांडले. समान भावाच्या खेळात तो हिस्सा p − q इतका असतो. वरील ५२ टक्क्यांच्या खेळात ४ टक्के, म्हणजे सुरुवातीला १,००० रुपयांमागे ४० रुपये. भांडवल घटेल तशी पैजही घटते. मटक्याच्या भावाला केलीचे सूत्र लावल्यास उत्तर ऋण येते, म्हणजे योग्य पैज शून्य ठरते.

## मर्यादा

ही गणिते पैजा परस्परस्वतंत्र आहेत आणि शक्यता ठाऊक आहे असे गृहीत धरतात. शेअर बाजारात दोन्ही गृहीतके ढिली पडतात: अनेक समभाग एकाच वेळी पडतात आणि p हा केवळ अंदाज असतो. त्यामुळे तेथे सूत्रातून येणाऱ्या पैजेपेक्षा लहान पैज घेण्याची प्रथा आहे.