दोन नेमणूकपत्रे आणि हाती उरणारे वेतन

लातूरच्या एका तरुण अभियंत्याच्या हाती एकाच आठवड्यात दोन नेमणूकपत्रे आली, असे समजावे. मुंबईत अंधेरी येथील कंपनीने वर्षाला ६,००,००० रुपये देऊ केले आहेत. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने ४,८०,०००. दरमहा १०,००० रुपयांचा हा फरक पाहून घरातील मंडळींचा कौल मुंबईकडे झुकावा, हे स्वाभाविकच होय.

परंतु पत्रातील आकडा म्हणजे वेतन नव्हे. कंपनीला त्या कर्मचाऱ्यापायी वर्षभरात येणारा तो एकूण खर्च असतो. मुंबईच्या पत्रात मूळ वेतन दरमहा २५,००० आहे. त्यावर १२ टक्क्यांप्रमाणे मालकाची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी वर्षाला ३६,००० होते, आणि ती त्याच सहा लाखांत धरलेली आहे. उपदानाचे सुमारे १४,४०० रुपयेही त्यातच आहेत. कायम नोकरीत ही रक्कम साधारणतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच पदरात पडते. शिवाय ४८,००० रुपये ‘कामगिरीनुसार’ मिळावयाचे आहेत. हे सारे वगळता महिन्याला ४१,८०० उरतात. त्यातून कर्मचाऱ्याची स्वतःची ३,००० रुपयांची वर्गणी आणि २०० रुपये व्यवसाय कर (फेब्रुवारीत ३००) कापला जाऊन हाती ३८,६०० पडतात.

नाशिकच्या पत्रात मूळ वेतन २०,००० असून कामगिरीवर अवलंबून असलेला भाग मुळीच नाही. त्याच रीतीने हिशेब केला असता हाती सुमारे ३४,००० येतात. दहा हजारांचा फरक येथेच ४,६०० वर आला. आयकराचा प्रश्न दोन्हीकडे उद्भवत नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पगारदाराला १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर कर पडत नाही. त्यामुळे घरभाड्याच्या पावत्या दाखवून काही वाचेल, ही आशाही येथे व्यर्थ आहे.

आता निवाऱ्याचा विचार. अंधेरीजवळ घर परवडत नाही म्हणून हा तरुण विरारला ९,००० रुपये भाड्याची खोली पाहतो. लोकलचा मासिक पास स्वस्तच असतो. खिसा रिकामा होतो तो स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या शेअर रिक्षांमुळे. एका फेरीचे २० रुपये, दिवसाला चार फेऱ्या आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर रिक्षालाच २,००० लागतात, पासासह २,४००. नाशिकला सिडकोत ६,५०० रुपयांत खोली मिळते आणि स्वतःच्या दुचाकीला १,२०० रुपयांचे पेट्रोल पुरते. भाडे व प्रवास वजा जाता मुंबईत २७,२०० आणि नाशिकला २६,३०० उरतात.

स्थलांतराच्या खर्चात एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. अनामत रक्कम परत मिळावयाची असते. ती खर्चात धरू नये. मात्र ती पहिला पगार होण्यापूर्वीच उभी करावी लागते आणि कर्जाऊ घेतल्यास तिचे व्याज हा खराखुरा खर्च ठरतो. दलाली, कराराची नोंदणी आणि सामानाचा टेम्पो हे पैसे मात्र गेले ते गेलेच. या तरुणाला ते मुंबईसाठी २३,००० आणि नाशिकसाठी १८,००० लागतात. वर्षभरात विभागले असता दरमहा अनुक्रमे १,९०० आणि १,५००. शेवटी २५,३०० विरुद्ध २४,८००. अकरा महिन्यांच्या करारानंतर खोली बदलावी लागली, तर दलालीचा फेरा पुन्हा येतो, आणि ती मुंबईत अधिक आहे.

भविष्य निर्वाह निधीत मुंबईला दोन्ही वर्गण्या मिळून दरमहा १,२०० रुपये अधिक साठतात. ती रक्कम त्याचीच आहे. उलट विरार ते अंधेरी जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात. नाशिकला पाऊण तासात काम भागते. महिन्याकाठी हे अंतर ५० तासांहून अधिक होते.

म्हणून खरा निर्णय त्या ४८,००० रुपयांवर येऊन ठेपतो. ते पूर्ण मिळाले तर मुंबई दरमहा ४,५०० रुपयांनी पुढे जाते. मुळीच मिळाले नाहीत तर ५०० रुपयांसाठी रोजची दगदग. ही रक्कम गेल्या दोन वर्षांत किती टक्के दिली गेली, हे तेथे काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून कळते. पत्रावरून कळत नाही. कंपनीकडून मासिक वेतनाचा तपशील लेखी मागविणेही इष्ट. काही आस्थापना निधीची वर्गणी पूर्ण मूळ वेतनावर न भरता कायद्याच्या मर्यादेपुरतीच भरतात; तेथे हाती अधिक पडते खरे, पण पुढची शिल्लक तेवढी घटते. कंपनी स्थलांतराचा खर्च देणार असेल, तर वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल काय, ते कलम सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.